केआरए लिहितानाच मोजमाप ठरवा

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मोल्डिंग सुपरवायझरच्या केआरएमध्ये, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या उद्दिष्टांमध्ये, नुसतं ‘रिजेक्शन कमी करणे’ लिहिलं, तर मार्चमध्ये मूल्यमापनाच्या वेळी वाद ठरलेला. एप्रिलमध्येच असं लिहा: ‘वाळूच्या दोषांमुळे होणारं रिजेक्शन गेल्या वर्षीच्या ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर, मोजणी वजनावर, आकडा क्वालिटीच्या मासिक रजिस्टरमधला.’ नग की वजन हे आधी ठरलं नाही, तर सुपरवायझर आणि त्याचा वरिष्ठ दोघंही आपापल्या सोयीचा आकडा घेऊन बसतात. सँड इन्क्लुजन, स्कॅब हे वाळूचे दोष सुपरवायझरच्या खात्यात धरा. कोल्ड शट नको. ते बहुतेकदा धातू थंड ओतल्यानं होतं आणि भट्टी त्याच्या हातात नसते. ४ टक्क्यांना पूर्ण गुण, ५ ला निम्मे, ६ ला शून्य, हेही त्याच कागदावर लिहून दोघांनी सही करा. मध्येच नवं कास्टिंग सुरू झालं, तर त्याचे पहिले तीन महिने वेगळे मोजा.