पाळीआधी डाग पडतात आणि दिवस राहत नाहीत: ल्युटिअल फेज खरंच कमी आहे का, हे कसं तपासावं

पाळीला दोन-चार दिवस बाकी असताना तपकिरी किंवा फिकट लाल डाग दिसू लागतात आणि मग पाळी नीट सुरू होते. मुलासाठी प्रयत्न चालू असतील तर या डागांची धास्ती बसते आणि ‘प्रोजेस्टेरॉन कमी असणार’ असं निदान घरच्या घरीच होऊन जातं. ते कधी बरोबर असतं, कधी साफ चूक. खरं काय ते ठरवायला आधी एक गोष्ट कळायला हवी: स्त्रीबीज नेमकं कोणत्या दिवशी सुटलं. मोबाइलवरचं ॲप तो दिवस मोजत नाही, फक्त अंदाज सांगतं.

स्त्रीबीज सुटल्यावर अंडाशयात जी रिकामी पुटी उरते तिचाच पीतपिंड, म्हणजे कॉर्पस ल्युटियम, बनतो आणि तो प्रोजेस्टेरॉन तयार करू लागतो. गर्भाशयाचं अस्तर या प्रोजेस्टेरॉनच्या आधारावर टिकून राहतं. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड साधारण बारा ते चौदा दिवसांत आकसतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटतं आणि पाळी येते. स्त्रीबीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा हा काळ म्हणजे ल्युटिअल फेज. तो १० दिवस किंवा त्याहून कमी भरला तर डॉक्टर त्याला कमी म्हणतात. पीतपिंड लवकर थकला की प्रोजेस्टेरॉन आधीच उतरू लागतं, अस्तराचा थोडा थोडा भाग सुटतो आणि तेच डाग म्हणून दिसतं.

गर्भधारणेशी याचा संबंध दिवसांच्या हिशोबातून येतो. फलित झालेलं बीज बहुतेक वेळा स्त्रीबीज सुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी अस्तरात रुजतं. रुजल्यावरच ते एचसीजी हे संप्रेरक सोडतं आणि ‘थांब, प्रोजेस्टेरॉन बनवत राहा’ हा निरोप पीतपिंडाला पोहोचतो. नवव्या दिवशीच अस्तर सुटायला लागलं तर हा निरोप पोहोचायला वेळ अपुरा पडू शकतो. अर्थात एखाद्या महिन्यात ल्युटिअल फेज कमी भरणं मुलं झालेल्या, पूर्ण निरोगी बायकांमध्येही आढळतं. म्हणून एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नये, निदान तीन पाळ्यांची नोंद हवी.

पहिली पायरी: पाळीचा पहिला दिवस नीट ठरवा

पॅड लागेल इतका लाल रक्तस्राव ज्या दिवशी सुरू होतो तो पाळीचा पहिला दिवस. त्याआधीचे डाग नव्या पाळीत धरायचे नाहीत, ते मागच्या चक्राचे शेवटचे दिवस असतात. इथे सर्रास गफलत होते. डाग दिसलेला दिवसच पहिला धरला तर ल्युटिअल फेज प्रत्यक्षात १२ दिवसांची असूनही कागदावर ९ भरते आणि नसलेला आजार चिकटतो. वहीत दोन वेगळे रकाने ठेवा, एक डागांसाठी आणि एक पाळीसाठी. डागांचा रंग आणि संबंधानंतर डाग दिसला का, हेही लिहा.

दुसरी पायरी: स्त्रीबीज सुटल्याचा दिवस पकडा

औषधाच्या दुकानात ओव्हुलेशन किट मिळतं. त्यातली पट्टी लघवीतलं एलएच हे संप्रेरक दाखवते. तुमच्या सगळ्यात लहान चक्राच्या दिवसांतून १७ वजा करा आणि आलेल्या दिवसापासून तपासणी सुरू करा. २८ दिवसांचं चक्र असेल तर अकराव्या दिवसापासून. रोज ठरलेल्या वेळी, दुपार ते संध्याकाळच्या दरम्यान तपासा. त्याआधी दोन तास भरपूर पाणी पिऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेषा फिकी उमटते. टेस्टची रेषा कंट्रोलच्या रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद दिसली तरच पॉझिटिव्ह. फिकी दुसरी रेषा म्हणजे निगेटिव्हच. गरोदरपणाच्या किटमध्ये फिकी रेषाही पॉझिटिव्ह धरतात, त्या सवयीने इथे चूक होते.

पट्टी पहिल्यांदा पॉझिटिव्ह आली की स्त्रीबीज साधारण दुसऱ्या दिवशी सुटलं असं धरा. त्याच सुमारास योनिस्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो, ती खूण पट्टीशी जुळते का बघा. पीसीओएस असेल तर एलएच मुळातच चढं राहू शकतं आणि पट्ट्या पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह येतात. अशा वेळी पट्टीवर विसंबून न राहता सोनोग्राफीने फॉलिक्युलर स्टडी करून, म्हणजे स्त्रीबीजाची पुटी वाढून फुटते का हे बघून घेणं बरं.

ज्यांना जमेल त्यांनी सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, बोलण्याआधी तोंडातलं तापमान घ्यावं. दशांश चिन्हानंतर दोन अंक दाखवणारा थर्मामीटर हवा. स्त्रीबीज सुटल्यावर तापमान साधारण अर्धा अंश फॅरनहाइटने चढतं आणि पाळीपर्यंत चढलेलं राहतं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस जास्त आलं, तर स्त्रीबीज सुटून गेलं हे पक्कं होतं. जागरण, ताप किंवा रात्रपाळी असेल तर त्या दिवसाचा आकडा धरू नका.

तिसरी पायरी: दिवस मोजा

स्त्रीबीज सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत मोजा. डागांचे दिवस यात येतात.

एक उदाहरण घेऊ. चक्र २८ दिवसांचं आहे, डाग २६ व्या दिवशी सुरू होतात आणि पुढची पाळी वेळेवर येते. ॲप सांगतं स्त्रीबीज १४ व्या दिवशी, म्हणून जोडपं १० ते १४ या दिवसांत प्रयत्न करतं. पट्टीने तपासल्यावर मात्र पॉझिटिव्ह रेषा १८ व्या दिवशी येते, म्हणजे स्त्रीबीज १९ व्या दिवशी सुटलं. २० ते २८ असे नऊच दिवस उरतात. ल्युटिअल फेज कमी आहे, ही शंका खरी ठरली.

पण याच हिशोबातून दुसरी गोष्ट निघते आणि ती जास्त कामाची आहे. दिवस राहण्याची शक्यता स्त्रीबीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस एवढीच असते. या बाईसाठी ते दिवस १४ ते १९. जोडप्याचे प्रयत्न १४ व्या दिवशीच थांबत होते, म्हणजे सगळ्यात चांगले दोन-तीन दिवस दर महिन्याला हुकत होते. पाळी अगदी नियमित असल्यामुळे शंकाही आली नाही. अशा वेळी गोळ्यांच्या मागे लागण्याआधी १४ ते १९ या काळात दर एक-दोन दिवसांनी संबंध ठेवणं हा पहिला उपाय. चक्र पुढेमागे होतं, म्हणून दर महिन्याला पट्टी लावूनच दिवस ठरवावेत.

चौथी पायरी: रक्त तपासणी योग्य दिवशी करा

‘२१ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन’ ही तपासणी १४ व्या दिवशी स्त्रीबीज सुटणाऱ्या बाईसाठी आहे. वरच्या उदाहरणात २१ वा दिवस म्हणजे स्त्रीबीज सुटून फक्त दोन दिवस. आकडा कमीच येणार आणि ‘स्त्रीबीज बनतच नाही’ असा चुकीचा अर्थ निघणार. तपासणी स्त्रीबीज सुटल्यावर पाच ते सात दिवसांनी करा, इथे २४ किंवा २५ व्या दिवशी. ३ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त आलं तर स्त्रीबीज सुटलं एवढं नक्की. त्यापुढे आकडा ८ आहे की १४, यावरून फार काही ठरत नाही, कारण प्रोजेस्टेरॉन रक्तात झटक्याझटक्याने येतं आणि त्याच दिवशी काही तासांत कितीतरी पट वरखाली होतं. ल्युटिअल फेज कमी असल्याचं ठामपणे सांगणारी एकही रक्त तपासणी नाही. दिवसांची वही त्यापेक्षा जास्त सांगते.

पाचवी पायरी: कारण शोधा

दिवस १० किंवा त्याहून कमी भरत असतील तर थायरॉइडची टीएसएच आणि प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकाची, अशा दोन रक्त तपासण्या आधी कराव्यात. प्रोलॅक्टिनसाठी रक्त सकाळी, शांत बसून, धावपळ न करता द्यायचं. चढं आलं तर घेत असलेली औषधं डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे ॲसिडिटीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं आणि ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून बघा. अंगावर पाजणं, झपाट्याने घटवलेलं वजन, पोटाला अपुरं खाऊन केलेला जबर व्यायाम, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही पाळ्या, चाळिशीजवळचं वय यांनीही हा काळ आखडतो.

दिवस १२-१३ भरत असूनही डाग पडत असतील तर दोष ल्युटिअल फेजमध्ये शोधू नका. गर्भाशयातला मस्सा म्हणजे पॉलिप, एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयमुखाची सूज, आधीच्या सिझेरियनच्या टाक्यातली खाच, अस्तराचा जुना संसर्ग ही कारणं मग पुढे येतात. आपल्या देशात या संसर्गात गर्भाशयाचा क्षयही लक्षात ठेवावा लागतो. इथे योनीमार्गे केलेली सोनोग्राफी आणि डॉक्टरांची तपासणी लागते. संबंधानंतर रक्त दिसणं, दुर्गंधी येणारा स्राव, पाळीत कंबर मोडणाऱ्या कळा असतील तर तीन महिने वही भरत थांबू नका.

प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांविषयी

आयव्हीएफमध्ये प्रोजेस्टेरॉनचा आधार द्यावाच लागतो. आपोआप स्त्रीबीज सुटणाऱ्या महिन्यात मात्र त्याने दिवस राहण्याची शक्यता वाढते, असा भक्कम पुरावा नाही. तरी डॉक्टर कधी देतात, आणि थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिनचा दोष नसेल तर स्त्रीबीज नीट वाढावं म्हणून लेट्रोझोलही देतात. पीतपिंडाची ताकद त्याच पुटीच्या वाढीवर ठरत असल्याने त्यामागे तर्क आहे. प्रोजेस्टेरॉन स्वतःच्या मनाने, ॲपने सांगितलेल्या तारखेपासून सुरू करू नका. ते स्त्रीबीज सुटण्याआधी घेतलं तर स्त्रीबीज सुटणंच अडू शकतं, आणि उशिरा स्त्रीबीज सुटणाऱ्या बाईच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. सुटल्याची खात्री झाल्यावर दोन-तीन दिवसांनी ते सुरू करतात.

या गोळ्यांनी डाग थांबतात आणि पाळी लांबते, ती गोळीमुळे. दिवस राहिलेत असं त्यावरून समजू नका. स्त्रीबीज सुटल्यापासून १४ व्या दिवशी लघवीची तपासणी करा आणि ती निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी थांबवा. मग बहुधा आठवड्याच्या आत पाळी येते. तपासणी पॉझिटिव्ह आली आणि डाग चालूच राहिले, एका बाजूला पोटात दुखू लागलं किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता आधी तपासावी लागते.