डिपॉझिट अडकलंय? सपोर्टला मेल टाकताना या चुका टाळा

माझं डिपॉझिट अडकलं तेव्हा मी क्रिप्टो एक्स्चेंजच्या सपोर्टला पहिला मेल टाकला तो असा होता: "250 USDT पाठवलेत, संध्याकाळी साडेसातला, आयडी खाली दिलाय, अजून आले नाहीत, लवकर बघा." आता वाचला की हसू येतं, कारण यातला आयडी चुकीचा, रक्कम चुकीची आणि वेळ अर्धवट, म्हणजे समोरच्याने शोधायचं तरी काय.

सगळ्यात मोठा घोळ आयडीचा होता. मी पैसे दुसऱ्या एक्स्चेंजवरून काढले होते आणि तिथल्या हिस्टरीत जो नंबर वर दिसला तो कॉपी करून मोकळा झालो, पण तो त्यांचा स्वतःचा विथड्रॉवल आयडी असतो, त्यांच्या सिस्टीमबाहेर त्याला कोणी विचारत नाही. हवा असतो TxID, म्हणजे ट्रान्झॅक्शन हॅश, तो बहुतेक वेळा तीच एन्ट्री उघडली की आत सापडतो. बघून ओळखता येतो: बहुतेक नेटवर्कवर ६४ कॅरेक्टर, त्यात फक्त ० ते ९ आणि a ते f, इथेरियमवर पुढे 0x लागतो म्हणून ६६ होतात. 0x ने सुरू होणारं पण ४२ कॅरेक्टरचं काही कॉपी झालं असेल तर तो पत्ता आहे, हॅश नाही (ही चूक भले भले करतात). आणि TxID ची जागाच रिकामी असेल तर पैसे बहुतेक अजून पाठवणाऱ्याकडून निघालेलेच नाहीत, तेव्हा मेल त्यांना टाकायचा, घेणाऱ्याला नाही.

हॅश मिळाला की आधी स्वतः ब्लॉकचेन एक्सप्लोररवर टाकून बघा, पण त्याच नेटवर्कच्या, ट्रॉनचा हॅश इथेरियमच्या Etherscan वर टाकला तर काहीच सापडणार नाही आणि उगाच छातीत धस्स होईल. उघडला की स्टेटस बघा. फेल असेल तर टोकन जागचे हललेच नाहीत, फक्त फी गेली, त्यात एक्स्चेंज काय करणार. सक्सेस असेल तर घेणाऱ्याचा पत्ता तुमच्या डिपॉझिट पत्त्याशी जुळवा. इथे एक गंमत आहे, टोकन पाठवलं की वरच्या To मध्ये टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता दिसतो आणि माणूस घाबरतो की पैसे भलतीकडेच गेले, पण खरा घेणारा खाली टोकन ट्रान्सफरच्या ओळीत असतो, तो बघायचा.

रक्कम. मी २५० लिहिले, पण १ USDT फी कापून चेनवर २४९ गेले होते, आणि सपोर्टवाला २५० शोधत बसला. एक्सप्लोररवर जो आकडा दिसतो तोच लिहा, दशांशासकट. वेळेचंही तसंच, माझ्या घड्याळात ७:३७ वाजले होते ते UTC मध्ये १४:०७, आणि मी नुसतं संध्याकाळी साडेसात लिहिलं, सकाळ की संध्याकाळ हे सांगून काय उपयोग, कुठल्या घड्याळाचे ते सांगायला हवं होतं. तारखेत महिना अक्षरात लिहा, 03/04 म्हणजे मार्च का एप्रिल यावरून एक फेरी वाया जाते.

दुसरा मेल मी असा टाकला:

```
विषय: USDT डिपॉझिट जमा नाही, TRC20, 249 USDT
नेटवर्क: ट्रॉन, TRC20
TxID: (पूर्ण 64 कॅरेक्टर, टेक्स्टमध्ये)
चेनवरची रक्कम: 249.000000 USDT
वेळ: 12 मार्च 2025, 14:07:33 UTC
माझा डिपॉझिट पत्ता: (पूर्ण)
एक्सप्लोररवर: Success, कन्फर्मेशन पूर्ण
खात्यात: एन्ट्री दिसत नाही
```

हॅश टेक्स्टमध्येच द्या, स्क्रीनशॉट सोबत जोडा पण फक्त स्क्रीनशॉट नको, त्यातून ६४ कॅरेक्टर कोण टाइप करणार, आणि मधे तीन टिंबं असलेला अर्धा हॅश तर बिनकामाचाच. XRP सारख्या कॉइनला टॅग लागतो, तो टाकला होता का आणि कुठला, हेही लिहा. मेल रजिस्टर्ड आयडीवरूनच, आणि उत्तर आलं नाही म्हणून नवीन तिकीट काढत बसू नका, त्याच थ्रेडमध्ये लिहा. सीड फ्रेज किंवा "व्हेरिफिकेशनसाठी थोडे पाठवा" असं कोणी मागितलं तर तो सपोर्ट नाही, चोर आहे, चॅटवर स्वतःहून येणारे तर हमखास.

उत्तर आलं ते असं की त्या नेटवर्कचं वॉलेट मेंटेनन्सला होतं, म्हणून क्रेडिट थांबलंय, संपलं की आपोआप जमा होईल. झालंही. आणि ही नोटीस त्यांच्या स्टेटस पेजवर माझ्या पहिल्या मेलच्या आधीपासून लावलेली होती.