फळीवरची जागा लेखी मागताना

नवे उत्पादन येण्यापूर्वी ‘जागा देतो’ एवढ्या तोंडी होकारावर न थांबता कोणती फळी, किती रुंदी आणि कोणत्या तारखेपासून, हे दुकानदाराकडून ईमेलवर लेखी मागावे. १५ सेंटीमीटर रुंदीची सहा पाकिटे शेजारी-शेजारी मांडायची तर ९० सेंटीमीटर लागतात, हा हिशेब सहसा होतो. उंची मात्र विसरली जाते. पाकीट २८ सेंटीमीटर आणि दोन फळ्यांमधले अंतर २७ असेल, तर ते आडवे ठेवले जाते आणि दर्शनी बाजूवरचे नाव ग्राहकाला दिसतच नाही. म्हणून रिकाम्या फळीचा, मोजपट्टी लावलेला फोटोही मागवावा. जाहिरात स्टँडची कमाल उंची आणि तो कोण जोडणार, हे छपाईला देण्याआधीच विचारावे.