योगाच्या ताईंना चिठ्ठी लिहिताना या चुका टाळा

“ताई, मला पाचवा सुरू आहे, हलकंच घ्या.” गावच्या समाजमंदिरात सकाळचा योगवर्ग घेणाऱ्या ताईंच्या हाती बहुतेक वेळा एवढीच चिठ्ठी पडते. एवढ्यावरून त्यांनी ठरवायचं तरी काय?

घोळ महिन्यापासूनच होतो. कुणी पाळी चुकली तेव्हापासून मोजते, कुणी शेवटच्या पाळीपासून. कुणाला पाचवा नुकता लागलेला असतो, कुणाचा भरत आलेला. आणि साधारण 20 आठवड्यांनंतर तर उताणं झोपून करायची आसनं बदलावी लागतात. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याला लागून असलेल्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं आणि भोवळ येते. म्हणून आठवडेच लिहा. आशाताईंनी दिलेल्या माता व बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख असते. ती 10 जानेवारी असेल, तर 6 जूनला 21 आठवडे पूर्ण होतात. सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी तारीख बदलली असेल तर तीच धरा.

दुसरी चूक ‘हलकं’ या शब्दाची. कपालभाती बसून करायची, म्हणून अनेकींना ती हलकी वाटते. पण तिच्यात पोटाला सारखे झटके बसतात, ती गरोदरपणात नकोच. त्यामुळे वर्गात रोज जे होतं त्याचं नाव घेऊन विचारा.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते: दवाखान्यातली गोष्ट लपवणं. रक्त कमी आहे, वार खाली आहे, मधे डाग दिसला होता, हे लाजेपोटी किंवा वर्ग बंद होईल या भीतीनं सांगितलं जात नाही. वार खाली असेल किंवा डाग दिसला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच चिठ्ठी लिहा.

अशी लिहिता येईल:

“ताई, नमस्कार. आज मला 21 आठवडे पूर्ण झाले. पहिलंच बाळंतपण आहे. हिमोग्लोबिन 10 आहे, गोळ्या सुरू आहेत. डॉक्टरांनी योगाला हो म्हटलंय. भुजंगासन, धनुरासन, कपालभाती आणि श्वास रोखणं मी करणार नाही. अर्धमत्स्येंद्रासनाऐवजी पोट न दाबता फक्त खांदे वळवले तर चालेल का? शवासन डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन करते. झाडासारखं एका पायावर उभं राहताना भिंतीचा आधार घेईन. उकाड्यानं गरगरलं तर मधेच बसेन. मला दाराजवळ, हवेशीर जागा द्या.”

चिठ्ठी वर्ग सुरू व्हायच्या आधी द्या, म्हणजे ताईंना बदल ठरवायला वेळ मिळतो. पुढच्या तपासणीत काही बदललं, तर नवी लिहा. रक्त किंवा पाणी गेलं, पोटात राहून राहून कळ आली, बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र चिठ्ठीत वेळ घालवू नका. आसन तिथंच सोडा आणि 108 ला फोन करून दवाखाना गाठा.