कापड कमी भरलं? पत्र पाठवण्याआधी या चुका टाळा

इंदूरमध्ये शाळेच्या गणवेशांचे शर्ट शिवणाऱ्या नव्या मुलांची पत्रं माझ्याकडे वाचायला येतात. मजकूर ठरलेला: "रोल वजन केले, इतके मीटर कापड कमी आहे, ताबडतोब भरपाई द्या." बिचाऱ्यांनी वजन खरंच केलेलं असतं, पण वजनाचे मीटर करताना घोळ घातलेला असतो. हसत नाही, कारण हा घोळ मीही घातला आहे.

इचलकरंजीहून सुती पॉपलिनचे १२ रोल आले होते, प्रत्येकी १०० मीटर, पन्हा १४७ सेंटीमीटर, बिलावर १२० जीएसएम, चौरस मीटरला १२० ग्रॅम. म्हणजे एका मीटरचं वजन १.४७ गुणिले १२०, सुमारे १७६ ग्रॅम. पुठ्ठ्याची नळी आणि प्लास्टिक वजा जाता सगळे मिळून २११.७ किलो भरायला हवे होते, भरले १९८.९. फरकाला १७६ ग्रॅमने भागलं आणि त्याच संध्याकाळी तावातावाने ७२ मीटर कमी असल्याचं पत्र धाडलं. वर "मापात मार" असा शब्दही वापरला.

पुरवठादाराचं उत्तर दोन ओळींचं होतं: "साहेब, जीएसएम कापून बघितलात का? मग बोलू."

बघितला नव्हता. कापला तर ११५ निघाला. सौद्यात पाच टक्के मागेपुढे मान्य होतं, त्यामुळे ११४ पर्यंत तक्रारीला जागाच नव्हती. या हिशोबाने मीटरचं वजन १६९ ग्रॅम. आता वजनं रोलनिहाय मांडली. नऊ रोल १६.९ किलोचे, म्हणजे पुरते १०० मीटर. तीन रोल १५.६ चे. फरक १.३ किलो, म्हणजे रोलमागे साधारण पावणेआठ मीटर, तिन्ही मिळून २३. कमी माल खरा होता, पण मी ७२ लिहून बसलो होतो. मग २३ पदरात पाडून घ्यायला दीड महिना लागला.

तेव्हापासून एकूण वजनावर माझा विश्वास नाही. एकाच लॉटचे रोल आधी एकमेकांशी ताडून पाहतो. जीएसएम कमी असेल तर सगळेच सारखे हलके भरतात. मीटर कमी असतील तर बहुधा दोन-चारच वेगळे पडतात. सगळ्याच रोलमध्ये सारखी मार असेल तर मात्र वजनावरून कळणार नाही, तिथे टेबलावर उलगडूनच मोजावं लागतं.

जीएसएमसाठी गोल कटर घ्या. तो १०० चौरस सेंटीमीटरचा तुकडा काढतो. काठ सोडून पन्ह्यात वेगवेगळ्या जागी पाच तुकडे कापायचे, पाचही एकत्र तोलायचे आणि ग्रॅमला २० ने गुणायचं. माझे ५.७५ ग्रॅम भरले होते. घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर हे होत नाही. सराफ्यात ओळख असेल तर तिथे तोलून आणा. आणि रोल ज्या दिवशी तोलाल त्याच दिवशी तुकडे कापा. सुती कापड हवेतला ओलावा धरतं, मे महिन्यात हलकं होतं, पावसाळ्यात जड. जूनचे तुकडे आणि मेचं वजन यांची सांगड घालणाऱ्याला मी चहासुद्धा पाजत नाही.

धर्मकाट्यावर रोल तोलू नका, तो पाच-दहा किलोखाली बोलतच नाही. नळी अंदाजाने वजा करू नका, एक रिकामी करून तोला. आणि पत्र जाईपर्यंत संशयित रोलला कात्री लावू नका. कापलेला माल स्वीकारलेला धरला जातो.

पत्रात आता मी एवढंच लिहितो:

"बिल व बिल्टी क्रमांक वरीलप्रमाणे. रोल ४, ७ व ११ यांचे निव्वळ वजन प्रत्येकी १५.६ किलो, उर्वरित नऊ रोलचे १६.९ किलो. त्याच दिवशी मोजलेला जीएसएम ११५, पन्हा १४७ सेंमी. यावरून तीन रोलमध्ये मिळून अंदाजे २३ मीटर कमी आहेत. तिन्ही रोल न कापता बाजूला ठेवले आहेत. आपला माणूस पाठवून समक्ष मोजून घ्यावेत, किंवा २३ मीटरची क्रेडिट नोट द्यावी. वादाची रक्कम वगळून बाकी पैसे मुदतीत पाठवतो."

"अंदाजे" हा शब्द काढू नका. अचूक आकडा टेबलावर ठरतो. सगळं बिल अडवूनही ठेवू नका. ९२ रुपये मीटरने २३ मीटरचे २,११६ रुपये होतात, त्यासाठी लाखाच्या वर पैसे रोखले की तुम्हीच चुकार ठरता.

फोनवर सांगून मोकळं होणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत आणि लेखी घ्यावी लागते. सोळाव्या दिवशी आठवण झालेले दोघेजण गेल्याच महिन्यात माझ्याकडे येऊन गेले.