रात्री रिकामी डेव्ह मशिन्स बंद होणार, हा मेल टीमला कसा लिहायचा

टीम लीड झालात की कधीतरी हा मेल तुमच्या वाट्याला येतोच. क्लाउडचं बिल वाढलेलं असतं, मॅनेजर विचारतो की रात्री तीन वाजता ही 14 डेव्ह मशिन्स कोण वापरतंय, आणि तुम्हाला टीमला सांगावं लागतं की आता ती आपोआप बंद होणार. स्क्रिप्ट लिहायला एक दुपार पुरते, खरी फजिती मेलमध्ये होते. माझा पहिला मेल दोन ओळींचा होता, "आजपासून रात्री आयडल मशिन्स शटडाउन होतील, खर्च वाचेल, धन्यवाद", आणि त्यावर अर्ध्या तासात अकरा जणांनी विचारलं की माझा डेटा जाणार का.

खाली सगळं एडब्ल्यूएसच्या ईसी2 मशिन्स धरून सांगतोय, दुसरा क्लाउड असेल तर बटणांची नावं बदलतील, मेल तोच राहील.

आधी वेळ ठरवा, आणि ती पुण्याची ठरवा

बरेच जण रात्री 10 लिहून मोकळे होतात. पण हिंजवडीतून साडेसहाला निघालेला माणूस कोथरूडला पोचून, जेवून परत लॅपटॉप उघडतो तोच मुळी साडेनऊला, आणि अमेरिकेतल्या टीमसोबतचे कॉल कधी कधी साडेदहापर्यंत चालतात. म्हणजे 10 ही सगळ्यात वाईट वेळ. मी रात्री 11:30 ते सकाळी 7:30 ठेवतो, आणि शुक्रवारी रात्री बंद झालेलं मशीन सोमवारी सकाळीच आपोआप चालू होतं, मध्ये कुणाला लागलं तर हाताने चालू करायचं.

क्रॉन जर यूटीसीवर चालत असेल तर इथेच घोळ होतो. भारतातले रात्रीचे 11:30 म्हणजे यूटीसीचे 18:00, आणि सकाळचे 7:30 म्हणजे 02:00. मी एकदा सरळ 23:30 आणि 7:30 टाकले होते, मग मशिन्स पहाटे पाचला बंद झाली आणि दुपारी एकला चालू, सकाळभर सगळी टीम चहाच्या टपरीवर. बरोबर ओळी अशा:

```
*/30 18-23 * * *   stop-idle.sh
*/10 2 * * 1-5        start-dev.sh
```

पहिली ओळ 11:30 पासून पहाटे पाचपर्यंत दर अर्ध्या तासाने बघते, म्हणजे कुणी साडेबाराला काम संपवलं तरी त्याचं मशीन नंतर सुटत नाही. ती शनिवार-रविवारी पण चालवायची, नाहीतर शनिवारी हाताने चालू केलेलं मशीन सोमवार रात्रीपर्यंत तसंच चालू राहतं.

"आयडल" म्हणजे काय ते मेलमध्ये लिहा

हा शब्द तसाच सोडला की प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. आमची व्याख्या अशी आहे की मागच्या तासाभरात सीपीयू सरासरी 5 टक्क्यांच्या खाली, आणि मशीनवर एकही एसएसएच लॉगिन उघडं नाही, दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच बंद. नुसता सीपीयू बघितला तर फसगत होते, कारण मोठा डेटाबेस रिस्टोअर नेटवर्कची वाट बघत बसलेला असला की सीपीयू 2 टक्के दाखवतो आणि स्क्रिप्टला वाटतं इथे कुणी नाही. नुसतं लॉगिन बघितलं तर उलटा प्रकार, लोक मोठं काम लावून लॉगआउट करतात आणि सीपीयू जोरात चालू असतानाच मशीन बंद होतं. दोन्ही अटी लावूनही तो रिस्टोअर वाचत नाही, समजा तो टीमक्समध्ये सोडून लॅपटॉप मिटला, तर लॉगिन पण गेलं आणि सीपीयू पण कमी. म्हणून हाताने लावायचा एक टॅग लागतो:

```
aws ec2 create-tags --resources <instance-id> \
  --tags Key=hold-until,Value=<YYYY-MM-DD>
```

त्या तारखेपर्यंत स्क्रिप्ट मशीनला हात लावत नाही, तारीख गेली की टॅग असून नसल्यासारखा. नुसतं "हो/नाही" असा टॅग ठेवू नका, तो एकदा लागला की कुणीच काढत नाही, दोन महिन्यांनी बघाल तर निम्मी मशिन्स कायमची सूट घेऊन बसलेली असतात.

बचतीचा आकडा: इथे हात आखडता घ्या

आठवड्यात तास 168. सोमवार ते गुरुवार रात्री 8-8 तास म्हणजे 32, आणि शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ 56, असे 88 तास मशीन बंद. टक्केवारीत 52. आणि मग हात शिवशिवतो, मेलमध्ये "बिल निम्म्यावर येणार" असं लिहायला. थांबा, पूर्ण हिशोब करू. दर मी सोपे जावेत म्हणून धरलेत, तुमचे तुमच्या बिलातून घ्या.

14 मशिन्स, तासाला 16 रुपये, महिन्याचे 730 तास, झाले 1,63,520 रुपये. पण मशीन बंद केलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. प्रत्येकी 200 जीबी, जीबीला महिना 8 रुपये धरले तर 14 मशिन्सचे 22,400. म्हणजे खरं बिल 1,85,920. आता 14 पैकी 3 मशिन्सना सूट आहे, राहिली 11. ती महिन्याला साधारण 381 तास बंद राहू शकतात, म्हणजे जास्तीत जास्त 67,056 रुपये वाचतील. त्यातही काही रात्री कुणी उशिरापर्यंत बसतं, कुणाचा टॅग असतो, म्हणून मी तीन चतुर्थांशच धरतो: साधारण 50 हजार. एकूण बिलाच्या 27 टक्के.

52 चे 27 झाले. मेलमध्ये 27 वालाच आकडा टाका, कारण महिनाअखेरीला मॅनेजर बिलाशीच ताडून बघणार आहे.

अजून एक खड्डा आहे, तो फायनान्सवाल्यांना आधीच विचारून घ्या. कंपनीने वर्षभराचा सेव्हिंग्ज प्लॅन किंवा रिझर्व्ह्ड इन्स्टन्स घेतलेले असतील तर ते पैसे मशीन चालू असो की बंद, जाणारच. त्यातली सवलत दुसरं कुठलं मशीन वापरत असेल तर ठीक, नाहीतर तुम्ही रात्री मशिन्स बंद करत बसाल आणि बिल जागचं हलणार नाही.

कोणाला सूट

यादी छोटी ठेवा आणि प्रत्येक ओळीत तीन गोष्टी लिहा, कारण, कोण जबाबदार, कधीपर्यंत. आमच्या तीन अशा: रात्रीचे बिल्ड चालवणारं मशीन, अमेरिकेतल्या क्लायंटला दाखवायचा डेमो सर्व्हर (त्यांची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र), आणि जिथे सगळ्यांचा शेअर्ड टेस्ट डेटाबेस आहे ते. ऑटो स्केलिंग ग्रुपमधली मशिन्स स्क्रिप्टनेच वगळायची, कारण ती थांबवलीत तर ग्रुपला वाटतं मशीन बिघडलं आणि तो त्याच्या जागी नवं उभं करतो, मग बंद कोणी केलं आणि चालू कोणी केलं हे शोधण्यात सकाळ जाते.

ज्या मशीनला लोकल इन्स्टन्स स्टोअरची डिस्क आहे त्यांच्याकडे वेगळं बघा. ईबीएस डिस्क स्टॉप केल्यावर जशीच्या तशी राहते, पण इन्स्टन्स स्टोअरवरचं सगळं स्टॉप करताच जातं. असं एक जरी मशीन असेल तर त्याच्या मालकाला फोन करा, मेलवर विसंबू नका.

आता मेल

आमच्याकडे असे मेल इंग्रजीत जातात, इथे मी मराठीत देतोय, गाभा तोच. बघा, पहिल्याच ओळीत डेटाचं उत्तर आहे.

> विषय: सोमवारपासून रात्री 11:30 नंतर रिकामी डेव्ह मशिन्स बंद होणार, गुरुवारपर्यंत सूट कळवा
>
> मंडळी, मशीन फक्त स्टॉप होणार आहे, डिलीट नाही. ईबीएस डिस्कवरचा तुमचा कोड आणि फाइल्स जागेवर राहतील. मेमरीत चालू असलेलं मात्र जाईल, म्हणजे टीमक्स सेशन, चालू सर्व्हर, सेव्ह न केलेलं काम.
>
> तासभर सीपीयू 5 टक्क्यांच्या खाली असेल आणि कुणी लॉगिन नसेल तरच मशीन बंद होईल. सोमवार ते शुक्रवार सकाळी 7:30 ला आपोआप चालू होईल. शनिवार-रविवारी लागलं तर कन्सोलवरून स्वतः चालू करा, परवानगी सगळ्यांना दिली आहे.
>
> चालू झाल्यावर पब्लिक आयपी बदललेला असेल, त्यामुळे एसएसएच कॉन्फिगमध्ये आयपी नाही, मशीनचं नाव टाका.
>
> रात्रभर काही चालवायचं असेल तर hold-until टॅग लावा, कमांड विकीवर आहे. जास्त दिवसांची सूट हवी असेल तर गुरुवार संध्याकाळपर्यंत मला कारण आणि शेवटची तारीख कळवा. सध्या सूट तीन मशिन्सना: बिल्ड, डेमो, टेस्ट डेटाबेस.
>
> अंदाजे बचत महिन्याला 50 हजार, आमच्या बिलाच्या पाव भागाहून थोडी जास्त. महिन्याने खरा आकडा याच मेलवर टाकतो.
>
> हा आठवडा फक्त चाचणी आहे, काहीच बंद होणार नाही. रोज सकाळी यादी येईल की काल रात्री कोणती मशिन्स बंद झाली असती. तुमचं नाव चुकून दिसलं तर लगेच सांगा.

आयपीच्या ओळीसाठी तुम्हाला आधी खाजगी डीएनएस नाव द्यावं लागेल, नाहीतर सोमवारी सकाळी सगळे "कनेक्शन टाइमआउट" घेऊन तुमच्या डेस्कशी उभे. इलॅस्टिक आयपी लावला तर पत्ता तोच राहतो, पण फेब्रुवारी 2024 पासून पब्लिक आयपीव्ही4 चे तासाला 0.005 डॉलर पडतात, मशीन बंद असलं तरी, म्हणून सरसकट देऊ नका.

चाचणीचा आठवडा खरंच चाचणीचा ठेवा

स्क्रिप्ट त्या आठवड्यात फक्त यादी छापते. आमच्या यादीत दुसऱ्याच दिवशी एक मशीन दिसलं जे कुणाच्याच नावावर नव्हतं. विचारल्यावर कळलं की टेस्टिंगवाले त्याच्यावर पेमेंटचे वेबहुक घेतात, रात्री दोन-चार विनंत्या येतात, सीपीयू 1 टक्का आणि लॉगिन शून्य, म्हणजे आमच्या व्याख्येत पक्कं आयडल. त्यांना आमचा मेल गेलाच नव्हता, कारण ते वेगळ्या ग्रुपमध्ये. तेव्हापासून मी मेल टीमच्या लिस्टला नाही, मशिन्सच्या ओनर टॅगवरच्या नावांना पाठवतो, आणि ज्याला ओनरच नाही ते मशीन चाचणी संपेपर्यंत सोडतो.

पहिल्या सोमवारी 7:30 ला तुम्ही स्वतः लॉगिन करा. दोन गोष्टी हमखास अडकतात: जोडलेली दुसरी डिस्क एफस्टॅबमध्ये `nofail` शिवाय लिहिलेली असेल आणि ती सापडली नाही तर मशीन बूट होतानाच अडकतं, आणि डॉकर कंटेनर `--restart unless-stopped` शिवाय सुरू केलेले असतील तर मशीन येतं पण त्यावर काहीच चालू नसतं. क्वचित असंही होतं की मशीन सुरूच होत नाही आणि एरर येतो `InsufficientInstanceCapacity`, म्हणजे त्या झोनमध्ये त्या क्षणी तसलं मशीन शिल्लक नाही. तेव्हा दहा मिनिटांनी परत प्रयत्न करायचा, म्हणून सुरू करणारी स्क्रिप्ट एकदाच नाही, 8:30 पर्यंत दर दहा मिनिटांनी चालवा. आमच्याकडे पहिले लोक नऊच्या पुढेच येतात, तोवर गाडी रुळावर येते.