रोपांची उंची फोटोवरून मोजली? शिक्षकांना ईमेल लिहिताना या चुका टाळा

‘फोटोवरून उंची मोजून सरासरी काढली’ एवढ्या एका वाक्यावर ईमेल संपवू नका. त्यावरून शिक्षकांना तुमचा आकडा तपासता येत नाही. पट्टी कुठे होती, उंची कुठून कुठपर्यंत धरली आणि किती रोपांची सरासरी घेतली, हे लिहायलाच हवे.

सगळ्यात मोठा घोळ पट्टीच्या जागेचा. पट्टी रोपाच्या मागे भिंतीला टेकवली, की उंची खऱ्यापेक्षा जास्त येते. समजा कॅमेऱ्यापासून रोप ६० सेंमीवर आणि पट्टी ७० सेंमीवर आहे. रोपाचे बूड आणि शेंडा कुठल्या खुणांवर दिसतात ते वाचून वजाबाकी केली, तर १२ सेंमीचे रोप १४ सेंमी भरते (१२ × ७० ÷ ६०). अंतरे नोंदवली असतील तर वाचनाला ६०/७० ने गुणून दुरुस्ती करा आणि ती केल्याचे ईमेलमध्ये सांगा. अंतरे नोंदवली नसतील तर कुंडी उपयोगी पडते, कारण ती वाढत नाही. तिच्या काठाची रुंदी प्रत्यक्ष मोजा आणि फोटोतल्या पट्टीवरही वाचा. १२ सेंमीचा काठ १४ भरला तर त्या फोटोत तेवढीच चूक आहे. काठाचे वाचन दर आठवड्याला बदलत असेल, तर ‘वाढी’चा काही भाग कॅमेरा हलल्यामुळे आलेला आहे.

उंची मातीपासून खोडाच्या वाढत्या टोकापर्यंत धरा. पानाचे टोक धरू नका. पाने दिवसभरातही वर-खाली होतात आणि रोप न वाढताच आकडा बदलतो.

सरासरीत वाळलेले रोप शून्य धरणे ही नेहमीची चूक. १२.३, ११.८, १३.१ आणि १२.४ यांची बेरीज ४९.६, चार रोपांची सरासरी १२.४ सेंमी. पाचवे वाळलेले रोप शून्य धरले, तर ती ९.९ होते आणि जिवंत रोपेच खुंटल्यासारखी दिसतात. ते नुसते गाळणेही पुरेसे नाही. वाळलेले रोप सगळ्यांत बुटके असेल, तर ते गळताच सरासरी वाढते. म्हणून आधीच्या आठवड्यांची सरासरीही त्याच चार रोपांवर पुन्हा काढा. कॅल्क्युलेटरने १२.४३७ दाखवले तरी १२.४ लिहा. फोटोतून मिलिमीटरपेक्षा बारीक वाचता येत नाही.

ईमेलचा मुख्य भाग असा लिहिता येईल:

विषय: रोपांची उंची मोजण्याची पद्धत, आठवडा ३

आदरणीय मॅडम,
फोटोत पट्टी रोपाच्या १० सेंमी मागे होती, म्हणून प्रत्येक वाचनाला ६०/७० ने गुणले आहे. उंची मातीपासून खोडाच्या टोकापर्यंत धरली आहे. रोप क्र. ५ वाळल्यामुळे तिन्ही आठवड्यांची सरासरी उरलेल्या चार रोपांची आहे. तिसऱ्या आठवड्याची सरासरी १२.४ सेंमी. मूळ फोटो आणि दुरुस्तीआधीची वाचने सोबत जोडली आहेत.

फोटो न कापता जोडा. कापलेल्या फोटोत पट्टीचा शून्य दिसत नसेल, तर मॅडमना वाचन पडताळता येणार नाही.